बसस्थानकावरचे पोस्टर वर्गात कसे न्यावे : महाविद्यालयात लैंगिक आरोग्यावर प्रथमच बोलणाऱ्यांसाठी

राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी, तालुक्याच्या रुग्णालयात नव्याने रुजू झालेले वैद्यकीय अधिकारी आणि एचआयव्ही तपासणी व समुपदेशन करणाऱ्या आयसीटीसी केंद्राचे समुपदेशक यांच्याकडे वर्षातून एकदा तरी महाविद्यालयाचे पत्र येते : 'युवकांना लैंगिक आरोग्यावर मार्गदर्शन करावे, वेळ एक तास.' पहिल्यांदा असे पत्र हाती पडलेला वक्ता बहुधा प्रजननसंस्थेच्या आकृत्या आणि एचआयव्हीच्या स्लाइड्स घेऊन जातो. मुले शांत बसतात, टाळ्या वाजवतात आणि ज्या प्रश्नासाठी ती आलेली असतात तो प्रश्न तसाच सोबत घेऊन वसतिगृहावर परततात. मी मराठवाड्यातील एका शासकीय रुग्णालयाच्या त्वचा व गुप्तरोग विभागात काम करतो. आमच्या ओपीडीत येणाऱ्या विशीतल्या मुलांपैकी अनेकांच्या खिशात आमच्या आधी कुणा 'खानदानी वैद्या'ने दिलेल्या पुड्या असतात. त्यांच्याशी बोलून एक गोष्ट मला पक्की कळली : मुलांच्या मनातला प्रश्न त्यांच्याच शब्दांत पहिल्यांदा मांडतो तो अशा वैद्याच्या जाहिरातीचा भिंतीवरचा कागद, आणि म्हणून आपले व्याख्यानही त्या कागदापासून सुरू झाले पाहिजे. ते कसे करावे, हे पुढे क्रमाने सांगतो.

पायरी पहिली : तीन दिवस आधीची तयारी

व्याख्यानाआधी गावातल्या एसटी स्थानकावर एक चक्कर मारावी. पुरुषांच्या मुतारीच्या भिंती, बाहेरचे विजेचे खांब, रेल्वे फाटकाजवळची संरक्षक भिंत, शिकवणी वर्गांच्या गल्लीतले रोहित्र, एवढी ठिकाणे पुरतात. दिसतील त्या पोस्टरांचे फोटो काढावेत आणि दाखवण्यापूर्वी त्यांवरचे मोबाइल क्रमांक झाकावेत, नाहीतर आपणच त्यांची जाहिरात करून बसतो. फोटो गावातलेच असावेत. लातूरच्या मुलांना लातूरच्या भिंतीवरचे पोस्टर दिसले की ती सरसावून बसतात, कारण तो कागद त्यांनी आधीच वाचलेला असतो, अनेकदा चोरून.

त्याच दिवशी महाविद्यालयात कुलूप लावलेली एक पेटी ठेवायला सांगावी. पेटी ठेवून भागत नाही, कारण चिठ्ठी टाकणारा सगळ्यांना दिसतो. मी असे करतो : प्रत्येक विद्यार्थ्याला एकाच मापाचा कागद वर्गातच दिला जातो आणि प्रत्येकाने त्यावर काहीतरी लिहायचेच, प्रश्न नसेल तर 'प्रश्न नाही' असे लिहून घडी घालून टाकायचे. सगळेच लिहितात म्हणून कुणी ओळखू येत नाही. अशा चिठ्ठ्यांमध्ये मला वर्षानुवर्षे सर्वाधिक दिसलेला प्रश्न एकच आहे, शब्द तेवढे बदलतात : 'लघवीतून धातू जाते, इलाज काय?', 'झोपेत जाते, वजन वाढत नाही', 'सवय लागली आहे, लग्नानंतर अडचण येईल का?' या घडीबंद भीतीसाठीच तो एक तास वापरायचा असतो.

मुलींचे सत्र वेगळे आणि शक्यतो महिला डॉक्टरांकडून व्हावे. त्यांच्या चिठ्ठ्यांत 'अंगावरून पांढरे जाते' हा प्रश्न असाच वारंवार येतो आणि पोस्टरवाला त्यावरही हाडे झिजल्याची भीती विकत असतो. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक, वास नसलेला स्राव येणे हे शरीराचे नेहमीचे काम आहे. खाज, दह्याच्या कवडीसारखे गोळे, हिरवट रंग, दुर्गंधी किंवा ओटीपोटात दुखणे असेल तर मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे, एवढे त्या सत्रात स्पष्ट झालेच पाहिजे.

आणखी एक काळजी. कनिष्ठ महाविद्यालयातली बहुतेक मुले १८ वर्षांखालील असतात. त्यांच्यापैकी कुणावर अत्याचार होत असल्याचे आपल्याला कळले, तर पोक्सो कायद्यानुसार ते कळवणे आपल्यावर बंधनकारक आहे. म्हणून 'काहीही सांगा, माझ्याजवळच राहील' असे सरसकट वचन देऊ नये. स्वतःचे अनुभव वर्गात उभे राहून सांगायला तर कुणालाच लावू नये.

पायरी दुसरी : पोस्टर मोठ्याने वाचणे

सुरुवातीला पहिले पोस्टर पडद्यावर ठेवून ओळीने वाचावे. हसू फुटते, फुटू द्यावे. पण आपण हसू नये, कारण हसणाऱ्यांत कुणीतरी तिथे पैसे भरलेला असतो. मग पोस्टरवरची लक्षणांची यादी वेगळी काढून फळ्यावर लिहावी. ती सगळीकडे जवळपास सारखीच असते : थकवा, गाल बसणे, कंबरदुखी, विसराळूपणा, अभ्यासात मन न लागणे, सकाळी उठावेसे न वाटणे.

इथे थांबून मुलांना विचारावे की परीक्षेच्या महिन्यात वसतिगृहातल्या किती जणांना यातले काहीच होत नाही. रात्री दोनपर्यंत जागरण, सकाळी उपाशीपोटी शिकवणी, मेसची पातळ डाळ आणि घरच्यांच्या अपेक्षांचे ओझे, एवढ्यावर ही सारी लक्षणे कुणालाही होतात. पोस्टर लिहिणाऱ्याने आधी प्रत्येकाला लागू पडतील अशी लक्षणे निवडली आणि मग त्यांना 'धातुदोष' हे एकच नाव दिले. एकदा हा डाव मुलांच्या लक्षात आला की पुढची पोस्टरे ती स्वतःच उकलून दाखवतात. 'तीन दिवसांत फरक', 'गॅरंटी', 'फायदा नाही तर पैसे परत', 'दर महिन्याच्या अमुक तारखेला अमुक लॉजवर भेटा' हे शब्द त्यांनाच शोधायला लावावेत. पैसे परत मागायला कुणी जात नाही, कारण काय आजार होता हे चार लोकांत सांगावे लागेल, आणि ती गॅरंटी याच लाजेच्या भरवशावर दिलेली असते.

इथेच कायद्याबद्दल दोन वाक्ये सांगावीत. १९५४ चा औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना मनाई करतो. म्हणजे असे पोस्टर ज्या भिंतीवर आहे त्या भिंतीवरच कायदा मोडलेला आहे. डॉक्टर खरा आहे की नाही हे पाहायचे तर त्याचा नोंदणी क्रमांक विचारावा. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आणि आयुर्वेदाच्या पदवीधर वैद्यांची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते. पोस्टरवर हा क्रमांक नसतो, फक्त मोबाइलचा असतो.

पायरी तिसरी : 'धातू' म्हणजे नेमके काय, हे उलगडणे

व्याख्यानाचा निम्मा वेळ इथे द्यावा. आयुर्वेदात शुक्र हा सात धातूंपैकी शेवटचा मानला जातो, आणि त्यावरून 'रक्ताच्या चाळीस थेंबांपासून वीर्याचा एक थेंब' ही समजूत आपल्या घराघरांत पोचली. मुलांनी ती आजोबांकडून ऐकलेली असते, त्यामुळे तिची टिंगल केली की ती आपल्यापासून दुरावतात. त्यापेक्षा मोजमाप समोर ठेवावे. एका वेळी बाहेर पडणारे वीर्य साधारण दीड ते पाच मिलिलिटर, म्हणजे फार तर चहाचा एक चमचा असते. त्यातला बराचसा भाग पाणी असते, आणि उरलेल्यात शुक्राशय व प्रोस्टेट या ग्रंथींचे स्राव आणि अगदी थोड्या प्रमाणात शुक्रजंतू असतात. त्यातली प्रथिने मोजली तर पाव ग्रॅमच्या आत-बाहेर भरतात, म्हणजे एक-दोन शेंगदाण्यांत असतात तेवढी. शुक्रजंतू वृषणात रात्रंदिवस तयार होतच असतात. ते बाहेर पडले नाहीत तर शरीर त्यांचा निचरा करते, साठवून ताकद करत नाही. म्हणून झोपेत वीर्य जाणे हा वयात आलेल्या शरीराचा सहज धर्म आहे आणि हस्तमैथुनाने वजन, दृष्टी, स्मरणशक्ती किंवा पुढची संतती यांपैकी कशावरही परिणाम होत नाही. अभ्यास किंवा झोप बाजूला पडेल इतका वेळ त्यात जात असेल तर तो सवयीचा प्रश्न आहे, अशक्तपणाचा नव्हे, आणि त्यासाठी समुपदेशकाशी बोलावे.

या भीतीला वैद्यकशास्त्रात 'धात सिंड्रोम' असे नाव आहे. भारतीय मानसोपचारतज्ज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी ते १९६० मध्ये दिले. ही भीती खरी असते आणि तिच्यामुळे होणारा थकवा, छातीत धडधड, उदासपणाही खराच असतो, हे मुलांना आवर्जून सांगावे. 'तुला काही झालेले नाही' हे वाक्य अशा मुलाला अपमानासारखे लागते, आणि तो थेट लॉजवर जातो.

आता एक प्रकरण तपशिलाने सांगतो. हे मी वर्गातही सांगतो, ओळख पटेल असे सगळे बदलून. परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातला वीस वर्षांचा मुलगा नांदेडला वसतिगृहात राहून भरतीची तयारी करत होता. शौचाला जोर लावला की शेवटी दोन-तीन चिकट पांढरे थेंब येत आणि सकाळची लघवी कधीकधी पिठाळ दिसे. मुतारीतल्या पोस्टरवर नेमके हेच लिहिलेले पाहून त्याने फोन लावला. लॉजच्या खोलीत त्याची लघवी काचेच्या ग्लासात घेतली गेली, थोडा वेळ ठेवल्यावर तळाशी पांढरा थर बसला आणि 'बघ, ही तुझी धातू' असे त्याला दाखवण्यात आले. साडेचार हजार रुपये आधी गेले, ते मेसचे होते. पंधरा दिवसांनी 'गरमी जास्त आहे' म्हणून आणखी सहा हजार मागितले, तेव्हा तो आमच्याकडे आला.

तपासणीत त्याचे जननेंद्रिय पूर्ण निरोगी होते. लघवीच्या साध्या तपासणीत पू नव्हता, साखर नव्हती, शुक्रजंतूही नव्हते. होते ते फॉस्फेटचे स्फटिक. जेवणानंतर लघवी काही वेळ अल्कधर्मी होते, पाणी कमी प्यायल्यावर ती दाट होते, आणि त्यातले फॉस्फेट हे क्षार पांढरे होऊन खाली बसतात. मी त्याच्यासमोर त्या नमुन्याचा थोडा भाग काचनळीत घेऊन त्यात सौम्य ॲसेटिक ॲसिडचे काही थेंब टाकले. पांढरे ढग पाहता पाहता विरघळले आणि लघवी स्वच्छ झाली. तो बराच वेळ त्या नळीकडेच पाहत राहिला. शौचाच्या वेळी येणारे थेंब हे बद्धकोष्ठामुळे जोर लावताना प्रोस्टेट आणि शुक्राशय दाबले गेल्याने येतात. त्याने ताकद जात नाही. त्याला औषध दिले नाही. दिवसभर पाणी पिणे, रोज पालेभाजी आणि एखादे फळ, आणि शौचाला जोर न लावणे, एवढेच सांगितले.

ही काचनळी वर्गात नेता येत नाही, पण तिची गोष्ट सांगता येते, आणि सांगताना तिची मर्यादाही सांगावी. घरी व्हिनेगर टाकून कुणी स्वतःचे निदान करू नये. पुवामुळे गढूळ झालेली लघवी आम्ल टाकून स्वच्छ होत नाही, आणि सतत दुधासारखी लघवी हत्तीरोगाच्या जंतांमुळेही होऊ शकते. फरक प्रयोगशाळाच सांगते, आणि लघवीची ही तपासणी शासकीय रुग्णालयात सहज होते.

पायरी चौथी : पुडीत काय असते

त्या मुलाने सोबत आणलेल्या पाकिटात तपकिरी चूर्ण आणि एक निळसर गोळी होती. गोळी घेतल्यावर काय होते असे विचारले, तेव्हा तो म्हणाला की तासाभरात चेहरा तापतो, डोके ठणकते आणि नाक चोंदते, पण 'ताकद' जाणवते. हे सारे ताठरपणा आणणाऱ्या सिल्डेनाफिल या औषधाचे ओळखीचे परिणाम आहेत. जडीबुटी म्हणून विकल्या जाणाऱ्या ताकदीच्या औषधांमध्ये हे औषध न सांगता मिसळलेले देशोदेशीच्या औषध नियंत्रकांना वारंवार सापडले आहे. म्हणूनच 'तीन दिवसांत फरक' खरोखर पडतो, आणि गोळी संपली की ताकदही संपते. मग मुलाला वाटते की आपण गोळीशिवाय निकामी झालो. छातीतल्या दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्या माणसाने हे औषध घेतले तर रक्तदाब धोकादायक रीतीने खाली येतो. मुलगा तेच पाकीट वडिलांना देऊ शकतो, म्हणून हेही सांगावे. कोणत्याही गोळीनंतर ताठरपणा चार तासांहून अधिक टिकला तर तो दुखापतीइतकाच तातडीचा प्रसंग असतो, आणि लाज बाजूला ठेवून लगेच अपघात विभागात गेले पाहिजे.

पायरी पाचवी : खरा आजार ओळखायला शिकवणे

इथवर ऐकून मुले एका चुकीच्या निष्कर्षावर येऊ शकतात, की गुप्तरोग असे काही नसतेच. असतात, आणि ते बरे होतात. असुरक्षित संबंधानंतर साधारण आठवडाभरात लघवीला जळजळ आणि पिवळसर पू येणे हे परम्याचे लक्षण असू शकते. उपदंशात लिंगावर किंवा योनीजवळ एक कडक, न दुखणारी जखम होते.

या जखमेबद्दल वक्त्याने जरा जास्त वेळ बोलावे. तिच्यावर काहीही उपचार केला नाही तरी ती तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येते. या काळात कुणी कोणतेही चूर्ण दिले असेल तर श्रेय त्या चूर्णाला जाते आणि मुलगा आणखी चार मित्रांना तोच पत्ता देतो. जखम भरली तरी जंतू शरीरातच असतात. काही आठवड्यांनी तळहातांवर आणि तळपायांवर पुरळ येते, तेही आपोआप जाते, आणि अनेक वर्षांनी हृदय किंवा मेंदूपर्यंत रोग पोचू शकतो. सुरुवातीच्या टप्प्यात मात्र हाच रोग रक्ताच्या साध्या तपासणीने कळतो आणि डॉक्टरांनी दिलेल्या पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो. जोडीदारालाही उपचार लागतो, नाहीतर रोग पुन्हा परततो. भिंतीवरचा वैद्य जोडीदाराबद्दल कधीच विचारत नाही. मला तर ही खऱ्या-खोट्याची फार चांगली कसोटी वाटते.

आकार आणि वाकडेपणा यांवरही चिठ्ठ्या असतातच. थोडा बाक आणि एक वृषण दुसऱ्यापेक्षा खाली असणे सामान्य आहे. बाक नव्याने आला असेल, दुखत असेल किंवा वृषणात गाठ लागत असेल तर दाखवावे. पडद्यावर दिसणारी चित्रफीत हे मापाचे साधन नव्हे, एवढे सांगून पुढे जावे. या विषयावर रेंगाळले की सभागृहाचा सूर जातो.

पायरी सहावी : दार दाखवणे

'डॉक्टरांना भेटा' असे सांगून व्याख्यान संपवले तर मुलगा पुन्हा मुतारीतल्या क्रमांकाकडेच वळतो, कारण तिथे निदान पत्ता तरी असतो. आपणही पत्ता द्यावा. जिल्हा रुग्णालयात आणि छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचा व गुप्तरोगाची ओपीडी असते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातली गुप्तरोगांची केंद्रे 'सुरक्षा क्लिनिक' या नावाने चालतात. एचआयव्हीची मोफत तपासणी आयसीटीसीत होते. किशोरवयीन मुलांसाठीच्या सल्ला केंद्रांना महाराष्ट्रात 'मैत्री क्लिनिक' म्हणतात. जाण्याआधी स्वतः त्या रुग्णालयात जाऊन खोली क्रमांक आणि वार पाहून यावेत आणि तेच फळ्यावर लिहावेत.

मग तिथे काय होते ते एकेक करून सांगावे, कारण मुले आजाराइतकीच खिडकीला घाबरतात. केसपेपरच्या खिडकीवर आजार सांगावा लागत नाही, 'स्किन ओपीडी' एवढे म्हटले की पुरते. आत डॉक्टरांना पहिले वाक्य काय म्हणायचे हे वर्गातच पाठ करून घ्यावे : 'डॉक्टर, मला लघवीच्या जागेचा त्रास आहे, एकट्याने बोलायचे आहे.' एचआयव्हीची तपासणी संमतीशिवाय करता येत नाही आणि तिचा निकाल गुप्त ठेवण्याचे बंधन २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने घातले आहे. ज्यांना प्रत्यक्ष जाणे जमत नाही त्यांच्यासाठी १०९७ ही एचआयव्ही-एड्सविषयीची मोफत हेल्पलाइन आहे, आणि भीती किंवा उदासपणा अनावर होत असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक वहीत नव्हे, मोबाइलमध्ये साध्या नावाने जतन करायला सांगावेत.

मोबाइलवरच्या माहितीबद्दल मी एकच नियम देतो. जो व्हिडिओ किंवा रील आजार सांगता सांगता औषध मागवण्याचा दुवा देते, ते भिंतीवरचेच पोस्टर आहे, भिंत तेवढी बदलली. बोलणाऱ्याचे नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक कळतो का, आणि 'हे असेल तर डॉक्टरांकडे जा' असे तो कुठे म्हणतो का, हे पाहावे.

पायरी सातवी : तास संपल्यानंतर

चिठ्ठ्यांची उत्तरे तासात पुरी होत नाहीत. उरलेल्या चिठ्ठ्या घरी नेऊन एकेकीचे उत्तर स्वच्छ अक्षरात लिहावे आणि ते कागद ग्रंथालयाच्या सूचनाफलकावर लावायला द्यावेत. नंतर सगळ्या चिठ्ठ्या फाडून टाकाव्यात. सभागृहातून लगेच निघू नये, अर्धा तास तिथेच, पण दाराजवळ नव्हे, मागच्या बाकावर बसावे. माईक बंद झाल्यावर एखादा मुलगा चप्पल शोधण्याच्या निमित्ताने मागे रेंगाळतो. त्याने प्रश्न विचारला तर तिथेच तपासू नये आणि औषधही सुचवू नये, कुठल्या वारी किती वाजता यायचे तेवढे कागदावर लिहून द्यावे.

परभणीचा तो मुलगा तीन आठवड्यांनी पुन्हा आला. लघवी स्वच्छ होती आणि थेंब क्वचित येत होते. त्याने सोबत खोलीतल्या एका मित्राला आणले होते, आणि त्याच्या हातात तसेच तपकिरी पाकीट होते.